वर्गातला आणि सहलीतला मोबाईल: पालकांसाठी नियम आणि ते पाळण्याची पद्धत

सर्व पालकांना सप्रेम नमस्कार.

पालकसभेत फोनचा विषय निघाला की बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: मुलाकडे फोन नसेल, तर तो शाळेतून निघाला की नाही हे आम्हाला कळायचं कसं? प्रश्न रास्त आहे. आपल्या शाळेत पंचवटीपासून सिडकोपर्यंतची मुलं येतात. कुणी व्हॅनने, कुणी रिक्षाने, मोठी मुलं सिटीलिंकच्या बसने. शाळा सुटल्यावर बरीच जण परस्पर क्लासला जातात. त्यामुळे नियम करताना आम्ही आधी निरोप कसा पोहोचेल ते ठरवलं आणि फोन कुठे ठेवायचा ते नंतर. ही सूचनाही त्याच क्रमाने लिहिली आहे. कृपया घरातल्या आजी-आजोबांसह, जे जे मुलांना न्यायला येतात त्या सर्वांनी वाचावी.

मुलाला निरोप द्यायचा असेल तर

शाळेच्या वेळेत मुलाच्या फोनवर फोन करू नका. तो बंद असेल. दैनंदिनीच्या पहिल्या पानावर कार्यालयाचे दोन क्रमांक आहेत, एक लँडलाईन आणि एक मोबाईल. त्यांपैकी कुठल्याही क्रमांकावर फोन करून मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी आणि निरोप एवढंच सांगा. लिपिक तो निरोपवहीत लिहून घेतील, आणि चालू तास संपताच शिपाईमामा तो मुलाच्या हातात देतील. घरी कुणी आजारी आहे, मुलाला ताबडतोब न्यायचं आहे, असं काही असेल तर ‘तातडीचं आहे’ असं स्पष्ट म्हणा. मग तास संपायची वाट पाहिली जाणार नाही.

मुलाला नेहमीपेक्षा वेगळी व्यक्ती न्यायला येणार असेल, तर मात्र नुसत्या फोनवर आम्ही विश्वास ठेवणार नाही. ‘मी अमक्याचा काका बोलतोय, त्याला सोडा’ असं कुणीही म्हणू शकतं. असा फोन आला की लिपिक तो ठेवतील आणि आमच्या नोंदवहीत असलेल्या आई किंवा वडिलांच्या क्रमांकावर स्वतः फोन लावून खात्री करतील. शिवाय सोबतच्या अर्जात एक खूणशब्द लिहायची जागा आहे. घरात सगळ्यांना ठाऊक असेल पण बाहेरच्याला सुचणार नाही असा शब्द निवडा. मुलाचं लाडाचं नाव किंवा जन्मतारीख नको. न्यायला आलेल्या व्यक्तीला तो शब्द सांगता आला नाही, तर मूल कार्यालयातच बसेल. ती व्यक्ती सख्खी आत्या असली तरीही. तुम्ही सिमकार्ड बदललंत आणि शाळेला कळवायचं राहिलं, तर ही सगळी व्यवस्था कोलमडते. म्हणून क्रमांक बदलला की त्याच दिवशी दैनंदिनीत लिहून पाठवा.

मुलाला घरी फोन करायचा असेल तर वर्गशिक्षकांची चिठ्ठी घेऊन त्याने कार्यालयात यावं. फोन लावून दिला जाईल, पैसे पडणार नाहीत. डबा विसरला, पोटात दुखतंय, क्लास रद्द झाला, अशी कारणं पुरेशी आहेत. फोन केल्याबद्दल कुणी मुलाला ओरडणार नाही, हे त्याला घरीही सांगून ठेवा. कार्यालयात यायला घाबरणारी मुलंच दप्तरात फोन लपवतात.

फोन आणायची परवानगी कुणाला

सातवीपर्यंत कुणालाही नाही. आठवी ते दहावीच्या ज्या मुलांना एकट्याने प्रवास करावा लागतो किंवा शाळेतून थेट क्लासला जावं लागतं, त्यांच्या पालकांनी अर्ज भरल्यास परवानगी मिळेल. शक्य असेल तर साधा बटणांचा फोन द्या. रस्त्यात संपर्कासाठी तो पुरतो, चार्जिंग दोन-तीन दिवस टिकतं आणि हरवला तरी त्यात मुलाचे फोटो नि खासगी माहिती नसते.

अर्जात फोनचा आयएमईआय क्रमांक विचारला आहे. फोनवर `*#06#` दाबलंत की पंधरा आकडी क्रमांक पडद्यावर येतो. दोन सिमच्या फोनवर असे दोन क्रमांक दिसतात, दोन्ही लिहा. फोन बसमध्ये राहिला किंवा चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार देऊन, तिच्या आधारे केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोन बंद पाडता येतो, आणि तेव्हा हाच क्रमांक लागतो. फोन हातातून गेल्यावर हा क्रमांक शोधायला बिलं उचकत बसावं लागतं. म्हणून आधीच लिहून ठेवलेला बरा.

सिमकार्ड असलेलं किंवा फोटो काढणारं मनगटी घड्याळ आमच्या दृष्टीने फोनच आहे. नुसती वेळ दाखवणारं घड्याळ चालेल.

सकाळी गेटपासून शाळा सुटेपर्यंत

परवानगी असलेल्या मुलाने गेटच्या आत आल्यावर फोन बंद करायचा. सायलेंट नव्हे, पूर्ण बंद. सायलेंटवर ठेवलेले तीस फोन एका कपाटात थरथरत राहिले की तो आवाज शेजारच्या वर्गात जातो. काही फोन बंद असतानाही गजराच्या वेळी आपोआप सुरू होतात, म्हणून शाळेच्या वेळेतला गजर मुलांनी आदल्या रात्रीच काढून टाकावा.

त्यानंतर प्रार्थनेच्या आधी फोन वर्गशिक्षकांकडे जमा होईल. प्रत्येक मुलाला हजेरी क्रमांक लिहिलेली कापडी पिशवी दिली आहे. फोन त्या पिशवीत, पिशवी वर्गाच्या पेटीत, आणि पेटी कार्यालयातल्या कुलूपबंद कपाटात. मूल वहीत सही करून फोन देईल आणि सुटताना सही करूनच परत घेईल. मधल्या सुट्टीत पेटी उघडली जाणार नाही. गैरहजर मुलाच्या नावापुढे रेघ मारली जाते. त्यामुळे ‘मी दिला होता’ आणि ‘तू दिलाच नव्हतास’ हा वाद उरत नाही. पेटीत ठेवलेल्या फोनची काळजी शाळा घेईल, पण दप्तरात राहिलेल्या फोनची जबाबदारी आम्हाला घेता येणार नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असं काही पालक विचारतात. फोन बंद करून दप्तरात ठेवला तर काय बिघडतं? युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात नोंद आहे की, अभ्यासातून एकदा लक्ष उडालं की विद्यार्थ्याला पुन्हा एकाग्र व्हायला वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. आपला तास पस्तीस मिनिटांचा. गणिताच्या तासाला एक संदेश पाहिला तर तो तास जवळजवळ गेलाच. फोन हाताशी असला की तो पाहायचा मोह आवरण्यातही मुलांची शक्ती जाते. तो खोलीबाहेर असला की हा झगडाच करावा लागत नाही.

नियम शिक्षकांनाही आहे. वर्गात त्यांचा फोन बंद असेल किंवा शिक्षकखोलीत राहील. गृहपाठ फळ्यावर लिहून मुलांच्या वहीतच उतरवला जाईल. रात्री ग्रुपवर गृहपाठ टाकायची पद्धत आम्ही थांबवली आहे, कारण त्याच निमित्ताने मुलांच्या हातात घरीही फोन जात होता.

एक अपवाद, जो सर्वांनी समजून घ्यावा

टाइप १ मधुमेह असलेल्या काही मुलांच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर असतो. तो दर काही मिनिटांनी आकडा फोनवर पाठवतो, आणि साखर ७० च्या खाली जाऊ लागली की फोन वाजतो. सेन्सर आणि फोन यांच्यातला दुवा ब्लूटूथचा असतो आणि तो साधारण सहा मीटरपर्यंतच नीट चालतो. म्हणजे फोन कार्यालयाच्या कपाटात ठेवला तर मूल वर्गात थरथरायला लागेल, घामाघूम होईल आणि आकडा फोनपर्यंत न पोहोचल्याने त्याचा गजर वाजणारच नाही.

अशा मुलाचा फोन दिवसभर त्याच्याजवळ, कंबरेच्या पिशवीत राहील. त्यात फक्त साखरेच्या ॲपचा गजर चालू असेल, बाकी सूचना बंद. डॉक्टरांचं पत्र आणि गजर वाजल्यावर काय करायचं याची एक पानी सूचना पालकांनी द्यावी. ती वर्गशिक्षक, खेळाचे शिक्षक आणि कार्यालय या तिघांकडे राहील. श्रवणयंत्र फोनला जोडलेलं असेल किंवा अन्य वैद्यकीय कारण असेल तर थेट मला भेटा. त्या मुलाला फोन का मिळतो आणि मला का नाही, असं तुमच्या मुलाने विचारलं तर ‘तो त्याचं औषध आहे’ एवढं उत्तर पुरेसं आहे. आजाराची चर्चा घरोघरी होऊ नये.

वर्गात फोन सापडला तर

शिक्षक फोन मागतील, मुलानेच तो बंद करायचा आणि पाकिटात घालून त्यावर सही करायची. पहिल्या वेळी तो त्याच दिवशी सुटताना परत मिळेल आणि तुम्हाला फोन येईल. दुसऱ्या वेळी पालकांनी येऊन न्यायचा. तिसऱ्या वेळी त्या सत्रापुरती परवानगी रद्द. दंड कधीही घेतला जाणार नाही. आमचा कुणीही शिक्षक मुलाला पासवर्ड विचारणार नाही, की गॅलरी उघडून पाहणार नाही. कुणी तसं केल्याचं मुलाने सांगितलं तर मला लगेच कळवा.

एका बाबतीत मात्र ही उतरंड लागू नाही. कुणाचा आक्षेपार्ह फोटो किंवा व्हिडिओ काढल्याचा संशय असेल, तर फोन न उघडता, न पुसता, बंद स्थितीत पाकिटात ठेवला जाईल आणि दोन्ही बाजूंच्या पालकांना बोलावलं जाईल. इथे पालकांना कळकळीची विनंती आहे: असा व्हिडिओ तुमच्यापर्यंत आला तर ‘बघा काय चाललंय’ म्हणून तो ग्रुपवर टाकू नका, आणि पुरावा म्हणून मलाही पाठवू नका. लहान मुलांचं लैंगिक चित्रण पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब आणि २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, हेतू चांगला असला तरी. शाळेत या, तोंडी सांगा. पोक्सोच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं आमच्यावर बंधनकारक आहे आणि आम्ही कळवू. रात्री-अपरात्री मदत लागली तर चाइल्डलाईन १०९८ किंवा सायबर गुन्ह्यांसाठी १९३० वर फोन करा.

सहलीचा दिवस

सहलीला कोणत्याही विद्यार्थ्याने फोन आणायचा नाही. रोजची परवानगी असलेल्यांनीही नाही. वर सांगितलेला वैद्यकीय अपवाद तेवढा कायम राहील.

यावर सर्वांत जास्त नाराजी असते. म्हणून जानेवारीतल्या आठवीच्या सहलीचंच उदाहरण घेऊन सांगते. सहल निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला जाणार आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या बंधाऱ्याचा हा पाणपसारा महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० मध्ये जाहीर झाला. हिवाळ्यात तिथे चक्रवाक, थापट्या, वारकरी या पक्ष्यांचे थवे उतरलेले असतात. मुलांनी निरीक्षण मनोऱ्यावरून दुर्बिणीने ते पाहावेत, वहीत काढावेत, यासाठी आपण तिथे जातो. एक रिंगटोन वाजली की काठाजवळचा अख्खा थवा उठतो आणि पुन्हा लांब, दुर्बिणीच्याही टप्प्याबाहेर जाऊन बसतो. काही मुलं फोनवरून पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलवायला बघतात. त्याने पक्षी बिथरतो, खाणं सोडून त्या आवाजामागे लागतो. आणि मनोऱ्याच्या कठड्याशी किंवा पाण्याच्या काठाशी पाठ करून सेल्फी घेणाऱ्या मुलाचा तोल जायला एक क्षण पुरतो.

माझ्या मते याहून मोठं कारण अर्धवट बातमीचं आहे. बस रस्त्यात थांबली की मागच्या बाकावरचं मूल घरी फोन करतं: ‘आई, बस बंद पडली.’ आई ते ग्रुपवर लिहिते, पाच मिनिटांत ‘बंद पडली’चं ‘अपघात झाला’ होतं, आणि पन्नास घरांतून एकाच वेळी शिक्षकांना फोन लागतात. त्या गर्दीत शिक्षकांना मेकॅनिकला किंवा डॉक्टरला फोन लावायला लाईनच मोकळी मिळत नाही.

म्हणून सहलीची बातमी एकाच वाटेने येईल. बसमधले शिक्षक कार्यालयाला कळवतील आणि कार्यालय सहलीपुरत्या केलेल्या ग्रुपवर लिहील. त्या ग्रुपवर फक्त कार्यालयाला लिहिता येईल, तुम्हाला वाचता येईल. दिवसभरात पाच संदेश येतील: निघाल्याचा, पोहोचल्याचा, जेवण झाल्याचा, परत निघाल्याचा आणि नाशिकमधल्या नांदूर नाक्याजवळ आल्याचा. प्रत्येक संदेशात बस क्रमांक, वेळ आणि मुलांची मोजणी असेल. उदाहरणार्थ: ‘बस २, दुपारी ४.१०. परत निघालो. ४८ पैकी ४८ मुलं बसमध्ये. अंदाजे ५.३० ला शाळेत.’ संदेशाची अपेक्षित वेळ टळून पाऊण तास झाला तरच कार्यालयाला फोन करा. शिक्षकांना थेट करू नका.

लाइव्ह लोकेशन ग्रुपवर का टाकत नाही, असंही विचारलं जातं. एक तर व्हॉट्सॲपवर ते जास्तीत जास्त आठ तास चालतं, आणि सकाळी साडेसहाला निघालेली सहल संध्याकाळीच परत येते. पण खरं कारण निराळं आहे. मुलांनी भरलेली बस या क्षणी नेमकी कुठे आहे, हे पन्नास फोनवर आणि तिथून पुढे कुणाकुणाच्या फोनवर असण्याची गरज नाही. शिक्षकांचं लोकेशन फक्त कार्यालयाच्या फोनवर दिसेल, आणि आठ तास संपायच्या आत ते पुन्हा सुरू केलं जाईल.

प्रत्येक बसमधल्या शिक्षकांकडे दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिमचे दोन फोन असतील. गावाबाहेर एका कंपनीची रेंज जाते तिथे दुसरीची मिळते. पॉवर बँक असेल. आणि सर्व पालकांचे क्रमांक, मुलांची औषधं नि ॲलर्जी यांची छापील यादीही असेल. फोन पाण्यात पडला तरी कागद उपयोगी पडतो. त्या यादीची दुसरी प्रत सहल परत येईपर्यंत कार्यालयात हाताशी ठेवलेली असते.

आता समजा, परतताना चांदोरीजवळ कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली आणि बस अडकली. शिक्षक सव्वापाचच्या सुमाराला कार्यालयाला सांगतील, आणि ग्रुपवर येईल: ‘बस २ चांदोरीजवळ वाहतुकीत थांबली आहे. बस सुस्थितीत, सर्व मुलं ठीक. नवी वेळ ६.३०.’ २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीमुळे शहरातले रस्तेही अधूनमधून वळवले जातात, तेव्हा असा उशीर धरूनच चला आणि त्या संध्याकाळी क्लास ठेवू नका. सहा वाजता गेटवर गर्दी करण्यापेक्षा पाचव्या संदेशाची वाट पाहा. नांदूर नाक्यापासून शाळेपर्यंत यायला तुम्हाला पुरेसा वेळ मिळेल.

त्याच बसमध्ये एका मुलीला उलट्या सुरू झाल्या, तर पद्धत बदलते. शिक्षक आधी छापील यादी पाहून तिच्या आईला किंवा वडिलांना थेट फोन करतील, मग कार्यालयाला. गरज पडली तर निफाडच्या डॉक्टरांकडे नेतील किंवा ११२ वर फोन करतील. ग्रुपवर यातलं काहीही येणार नाही, फक्त बसची वेळ बदलली असेल तर ती येईल. एखाद्या मुलाच्या तब्येतीची बातमी त्याच्या घरच्यांच्या आधी इतरांना कळू नये. तुमच्या मुलाने घरी आल्यावर सांगितलं तरी ती पुढे लिहू नका.

फोटो

सहलीचे फोटो दोन नेमलेले शिक्षक काढतील. मुलं एकटी नसून गटात असतील आणि फोटोसोबत नावं लिहिली जाणार नाहीत. फोटो सहल परत आल्यानंतरच पाठवले जातील. ते तुमच्या घरासाठी आहेत, स्टेटससाठी किंवा इन्स्टाग्रामसाठी नाहीत, कारण त्या चौकटीत तुमच्या मुलाशेजारी दुसऱ्याचं मूल उभं असतं. काही घरांत मुलाच्या ताब्यावरून न्यायालयात वाद चालू असतात. मूल कोणत्या शाळेत जातं हे एका बाजूपासून जाणूनबुजून दूर ठेवलेलं असतं. ते कुणाचं घर आहे हे मी तुम्हाला सांगू शकत नाही, म्हणून नियम सर्वांना सारखा आहे.

आपल्या मुलाचा फोटो काढूच नये असं वाटत असेल तर अर्जात तशी खूण करा. कारण लिहायची गरज नाही. त्या मुलाला गटातून बाजूला उभं केलं जाणार नाही. शिक्षक त्याच्याच हातात कॅमेरा देतात, आणि ते काम मुलांना आवडतं.

सोबत मदतनीस म्हणून येणाऱ्या पालकांनाही हाच नियम आहे. त्यांचा फोन सायलेंटवर, खिशात.

अर्ज कसा भरायचा

अर्जाचे तीन भाग आहेत. पहिला सर्वांसाठी: दोन चालू क्रमांक, न्यायला येणाऱ्या व्यक्तींची नावं आणि खूणशब्द. हा भाग बंद पाकिटात द्या, मुलाच्या हातून उघडा पाठवू नका. दुसरा फक्त फोनची परवानगी हवी असलेल्यांसाठी. तिसरा सहलीचा: आजार, औषधं, फोटोची संमती आणि सही. आई-वडील दोघंही दिवसभर कामावर फोन उचलू शकत नसतील, सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यांत असं बऱ्याच जणांचं असतं, तर पाळीच्या वेळा लिहा आणि ज्यांचा फोन नक्की लागेल अशा शेजाऱ्याचा किंवा नातेवाइकाचा क्रमांक द्या. कंपनीच्या गेटवरचा क्रमांकही चालेल.

भरलेला अर्ज येत्या शनिवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावा. तिसरा भाग आला नाही तर त्या मुलाला सहलीला नेता येणार नाही. वाचता-लिहिताना अडचण असलेल्या पालकांनी शाळा सुटल्यानंतर कार्यालयात यावं, लिपिक अर्ज भरून देतील आणि वाचून दाखवतील.

आपली,
मुख्याध्यापिका